खड्ड्याचा फोटो हरवल्यावर लिहायचे पत्र

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खड्ड्याची तक्रार जाते ती बहुधा फोटोसह. त्यामुळे फोन पाण्यात पडला किंवा फोटो चुकून पुसला गेला की पुष्कळ लोक तक्रारच सोडून देतात. पुरावाच गेला, आता काय लिहायचे, असे त्यांना वाटते. खड्डा बुजवणाऱ्या अभियंत्याला मात्र तीन गोष्टी हव्या असतात. खड्डा नेमका कुठे आहे, केवढा आहे आणि कशामुळे पडला असावा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी फोटोतून फारच अपुऱ्या कळतात. पाणी साचलेल्या खड्ड्याचा फोटो म्हणजे रस्त्यावरचा एक गढूळ डाग. ते पाणी दोन बोटे खोल आहे की वीतभर, हे त्यात दिसत नाही. जवळून काढलेल्या फोटोत लहान खड्डाही मोठा वाटतो, आणि मेसेजमधून पुढे पाठवताना फोटोत नोंदलेले ठिकाण अनेकदा पुसले जाते. म्हणून मापे आणि ठिकाण नीट सांगणारे पत्र फोटोशिवायही पूर्ण तक्रार ठरते.

उदाहरणादाखल एका उपनगरातला शाळेजवळचा रस्ता घेता येईल. जुलै महिना, आठवडाभराचा पाऊस, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला पडलेला एक खड्डा. शाळेतल्या एका शिक्षिकेने शुक्रवारी त्याचा फोटो काढला, त्याच संध्याकाळी फोन पावसात भिजून बंद पडला आणि फोटो गेला. खड्डा मात्र जागेवरच होता. मोजायला सर्वांत उत्तम वस्तू तीच, म्हणून तिने रविवारी पुन्हा तिथे जायचे ठरवले.

मोजमापाची वेळ महत्त्वाची. वाहत्या रस्त्यात वाकून टेप धरणे हा खड्ड्यापेक्षा मोठा धोका आहे. रविवारी सकाळी साडेसहा-सात वाजता उजाडलेले असते आणि वाहने विरळ असतात. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभे राहायचे, एवढी दक्षता हवीच. रस्ता इतका वाहता असेल की हेही जमणार नाही, तर पदपथावरून अंदाज घ्यावा आणि पत्रात तो अंदाज म्हणूनच लिहावा.

खड्ड्याची तीन मापे घेतात. लांबी म्हणजे वाहने ज्या दिशेने जातात त्या दिशेतले माप, रुंदी म्हणजे त्याला आडवे माप. हे स्पष्ट लिहिले नाही तर वाचणारा आपल्या मनाने उलटसुलट समजतो. दोन्ही मापे खड्ड्याच्या सर्वांत पसरट भागात घ्यायची, आणि डांबर जिथे तुटले आहे त्या कडेपासून कडेपर्यंत. पाण्याच्या कडेवर जाऊ नये, कारण पाणी पावसाप्रमाणे कमीजास्त होते. शिक्षिकेच्या खड्ड्याची लांबी १४० सेंटिमीटर आणि रुंदी ९० सेंटिमीटर भरली.

खोली मोजताना बहुतेकांची चूक होते. टेप खड्ड्यात उभी धरून कडेपाशी नजरेने वाचली तर दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. त्यासाठी खड्ड्यावर आडवी टाकायला एक सरळ काठी लागते, जिची दोन्ही टोके शाबूत डांबरावर टेकतील. शिक्षिकेने घरून पडद्याची सव्वा मीटरची दांडी आणली आणि शाळेतली लाकडी फूटपट्टी. दांडी खड्ड्याच्या रुंदीत आडवी ठेवली, फूटपट्टी तिला चिकटवून उभी पाण्यात सोडली आणि हळूहळू सरकवत सर्वांत खोल जागा शोधली. दांडीच्या खालच्या कडेशी आकडा आला साडेदहा. पण तिच्या फूटपट्टीचा शून्य टोकापासून अर्धा सेंटिमीटर आत होता, त्यामुळे खरी खोली ११ सेंटिमीटर. फूटपट्टी बाहेर काढल्यावर टोकापासून आठ सेंटिमीटरपर्यंत ती ओली होती. म्हणजे खड्ड्यात आठ सेंटिमीटर पाणी होते आणि पाण्याची पातळी रस्त्याच्या तीन सेंटिमीटर खाली होती. ही ओल्या खुणेची नोंदही पत्रात उपयोगी पडते, कारण दुचाकीस्वाराला वरून फक्त पाणी दिसते आणि तळ दिसत नाही, हे तीच सांगते.

टेप नसेल तरी अडत नाही. वीत साधारण नऊ इंच, हात दीड फूट, ही जुनी मापे आहेतच. पण प्रत्येकाची वीत वेगळी, म्हणून घरी एकदा आपली वीत पट्टीवर मोजून घ्यावी आणि मग आकडा लिहावा. छापील कामाचा नेहमीचा ए-४ कागद सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि २१ सेंटिमीटर रुंद असतो, तोही चालतो. ‘अंदाजे पाच वीत, म्हणजे सुमारे ११० सेंटिमीटर’ असे लिहिलेले वाक्य ‘खूप मोठा खड्डा’ या शब्दांपेक्षा कितीतरी कामाचे.

या आकड्यांवरून अभियंता काय ठरवतो, हे पाहिले की मापांचे मोल कळते. डांबरी रस्त्यांच्या देखभालीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे, आयआरसी ८२. तिच्यात खड्ड्यांची लहान, मध्यम आणि मोठा अशी प्रतवारी खोली आणि रुंदीवरून केली आहे. ५० मिलिमीटरपेक्षा खोल आणि ५०० मिलिमीटरपेक्षा रुंद खड्डा मोठ्या वर्गात जातो. शाळेजवळचा खड्डा ११० मिलिमीटर खोल आणि ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे या मर्यादेच्या जवळपास दुप्पट.

दुसरा हिशेब मालाचा. खड्डा नीट बुजवायचा तर त्याच्या वेड्यावाकड्या कडा कापून चौकोनी आणि उभ्या कराव्या लागतात, तळातली माती आणि पाणी काढावे लागते, डांबराचा पातळ हात मारावा लागतो आणि मग मिश्रण टाकून ठोकून बसवावे लागते. कडा कापल्यावर हा खड्डा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद होईल. मधली खोली ११ सेंटिमीटर असली तरी सरासरी ८ धरू. दीड गुणिले एक गुणिले ०.०८, म्हणजे ०.१२ घनमीटर. ठोकून बसवलेले डांबरी मिश्रण दर घनमीटरला सुमारे २.३ टन भरते, तेव्हा या एका खड्ड्याला पावणेतीनशे किलोच्या आसपास माल लागतो. पावसाळ्यात वापरायचे थंड मिश्रण पिशव्यांतून येते. २५ किलोची पिशवी धरली तर अकरा पिशव्या झाल्या. तक्रारीत फक्त ‘खड्डा’ एवढेच असेल आणि गाडीतून तीन-चार पिशव्या आल्या असतील, तर खड्डा अर्धवट भरला जातो आणि कागदावर काम पूर्ण होते. शिवाय इतक्या खोलीचे भरण एकाच थरात दाबले तर खालचा भाग पोकळ राहतो. ते दोन थरांत करावे लागते. हे सगळे आधी ठरते ते खोलीच्या एका आकड्यावरून.

ठिकाण सांगण्यात मापांपेक्षाही जास्त चुका होतात. ‘वडापावच्या गाडीसमोर’, ‘रिक्षा उभ्या राहतात तिथे’ या खुणा रोजच्या माणसाला पुरतात; कनिष्ठ अभियंता दुपारी येतो तेव्हा गाडी तिथे नसते. खूण हलणारी नको. विजेच्या खांबावरचा क्रमांक, इमारतीचे नाव, शाळेचे फाटक, चौकाचा कोपरा, पुलाचा कठडा अशा वस्तू जागच्या हलत नाहीत. त्यांतही खांबाचा क्रमांक सर्वांत सोयीचा, कारण तो त्या रस्त्यावर एकाच जागी सापडतो.

अशी एक पक्की खूण ठरली की तिच्यापासून दोन अंतरे द्यायची, एक रस्त्याच्या लांबीत आणि एक रुंदीत. शिक्षिकेने शाळेच्या फाटकासमोरच्या खांबापासून पावले मोजली, ती बारा भरली. घराच्या अंगणात टेपशेजारी चालून पाहिल्यावर तिचे एक पाऊल ७५ सेंटिमीटरचे निघाले, म्हणजे अंतर नऊ मीटर. पदपथाच्या कडेच्या दगडापासून खड्ड्याच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर तिने टेपने मोजले, ते २ मीटर २० सेंटिमीटर आले. रस्ता वाहनांच्या कोणत्या दिशेचा, हेही हवे. ‘डावीकडे’ हा शब्द एकटा काही सांगत नाही; माणूस उलट बाजूने आला की डावे उजवे होते. ‘पाण्याच्या टाकीकडून बाजार चौकाकडे जाताना डाव्या बाजूला’ असे लिहिले की घोटाळा राहत नाही.

फोनमधल्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहिले तर चांगलेच, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. दशांशाचा पाचवा अंक सुमारे एक मीटर दाखवतो, तरी फोन स्वतः मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटर चुकतो आणि उंच इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त. दहा मीटरांत दुसरा खड्डा असला की तोच भरला जातो, तक्रार बंद होते आणि मूळ खड्डा तसाच राहतो. म्हणून जवळ आणखी खड्डे असतील तर तेही पत्रात सांगावेत आणि तक्रार कोणत्या खड्ड्याची आहे हे वेगळे करून लिहावे.

कारणाचा अंदाज सामान्य माणसाने बांधू नये, पण जे दिसले ते नोंदवावे. खड्डा डांबराच्या सलग भागात आहे, की केबल किंवा नळासाठी खोदलेल्या चरीच्या रेषेवर आहे, की मॅनहोलच्या झाकणाभोवती खचला आहे, यावरून काम कोणत्या खात्याचे ते ठरते. चार दिवस पाऊस नसतानाही खड्ड्यात स्वच्छ पाणी झिरपत असेल तर खालचा नळ गळत असण्याची शक्यता आहे. कडेवर पाय आपटल्यावर पोकळ आवाज आला, किंवा भरलेली जागा दरवेळी तिथेच खचते, तर खालची माती वाहून जात असावी. अशी जागा वरून डांबर टाकून टिकत नाही, आणि एखाद्या दिवशी तिथे भगदाड पडते. त्या जागेवर उभे राहून तपासण्याच्या फंदात पडू नये. दुरून जे दिसले ते लिहावे.

पत्र कोणत्या कार्यालयाकडे द्यायचे, हा प्रश्न शहरागणिक वेगळा आहे. मुंबईत त्याला विभाग कार्यालय म्हणतात आणि विभागांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती. बोलताना सगळे वॉर्ड ऑफिसच म्हणतात. पत्र तिथल्या सहायक आयुक्तांच्या नावे द्यायचे आणि रस्त्यांचे काम पाहणाऱ्या अभियंत्याला प्रत. शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचा असतोच असे नाही. काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही रस्ते विकास महामंडळाकडे असतात. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गसुद्धा पालिकेच्या ताब्यात आले ते २०२२ मध्ये. तक्रारदाराला हे ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून पत्रात एक वाक्य घालावे: रस्ता अन्य यंत्रणेचा असल्यास पत्र तिकडे पाठवून तसे कळवावे.

आता फोटोबद्दल. तो हरवला हे लपवू नये आणि त्याची लांबलचक कैफियतही मांडू नये. एक वाक्य पुरे. त्याच वेळी कोणते माप कधी आणि कसे घेतले हे लिहावे. शुक्रवारी नुसते पाहिलेले आणि रविवारी मोजलेले यांची सरमिसळ झाली तर सगळेच पत्र संशयास्पद होते. खड्डा मधल्या काळात कोणी माती-विटा टाकून बुजवला असेल आणि मापे आठवणीतूनच द्यायची असतील, तर ‘आठवणीप्रमाणे’ हा शब्द प्रत्येक आकड्याशेजारी हवा. शिक्षिकेचे पत्र असे झाले:

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
क्षेत्रीय कार्यालय

विषय: शाळेच्या फाटकाजवळील रस्त्यावरचा धोकादायक खड्डा तातडीने बुजवणेबाबत.

महोदय,

पाण्याच्या टाकीकडून बाजार चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या बाजूला, शाळेच्या मुख्य फाटकासमोरील विजेच्या खांबापासून (क्र. ४७) बाजार चौकाच्या दिशेने सुमारे ९ मीटर अंतरावर खड्डा पडला आहे. पदपथाच्या कडेपासून तो २.२० मीटर आत आहे.

रविवारी सकाळी पावणेसात वाजता टेप व पट्टीने मोजल्याप्रमाणे: लांबी (वाहतुकीच्या दिशेने) १४० सेंमी, रुंदी ९० सेंमी, सर्वांत जास्त खोली ११ सेंमी. त्या वेळी खड्ड्यात ८ सेंमी पाणी होते व तळ दिसत नव्हता. खांबापासूनचे अंतर पावलांनी मोजले आहे. चौकाच्या बाजूची कड उभी तुटलेली आहे. रस्त्यावर चरीची रेषा किंवा मॅनहोल जवळ नाही. याच रस्त्यावर सुमारे २० मीटर पुढे दुसरा लहान खड्डा आहे; ही तक्रार खांबाजवळच्या मोठ्या खड्ड्याची आहे.

खांब क्र. ४७ वरील दिवा शुक्रवारी व शनिवारी रात्री बंद होता. शाळा सुटताना दुचाकीस्वार खड्डा चुकवण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी येतात, हे शुक्रवारी दुपारी पाहिले आहे.

खड्ड्याचा शुक्रवारी काढलेला फोटो फोन बिघडल्यामुळे उपलब्ध नाही. जागेची पाहणी करताना मी हजर राहू शकेन.

तरी खड्डा कायमस्वरूपी बुजवावा आणि तोपर्यंत तिथे अडथळा-फलक लावावा, ही विनंती. रस्ता अन्य यंत्रणेच्या अखत्यारीत असल्यास हे पत्र तिकडे पाठवून मला कळवावे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी, दिनांक)

प्रत: उपअभियंता (पथ)

या पत्रात ‘जीवघेणा’, ‘मृत्यूचा सापळा’ असे शब्द नाहीत. धोका आहे तो तुटलेल्या उभ्या कडेत, न दिसणाऱ्या तळात, बंद दिव्यात आणि मधोमध येणाऱ्या दुचाक्यांत. स्कूटरची चाके बहुधा दहा किंवा बारा इंचांची असतात. इतक्या लहान चाकाला ११ सेंटिमीटरची उभी कड म्हणजे पायरीच. ती समोर आल्यावर हँडल निसटते. खड्डा चौकाच्या बाजूला तिरका उतरत असता तर धोका बराच कमी असता, म्हणूनच कोणती कड उभी आहे हे लिहायचे. बंद दिव्याची वेगळी तक्रार विद्युत विभागाकडे करणे आणखी चांगले. खड्डा भरायला दिवस लागले, तरी दिवा त्याआधी लागू शकतो.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक कक्षात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. हीच पोच. फोटो असता तरी पोच नसेल तर कार्यालयाला खड्डा केव्हा कळला हे सिद्ध होत नाही, आणि पुढे सगळे त्या तारखेवर अवलंबून असते. ऑनलाइन किंवा दूरध्वनीवर तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक या प्रतीवर हाताने लिहून ठेवावा.

तारखेला इतके महत्त्व का, हे मुंबई उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणातून कळते, आणि योगायोग असा की त्याची सुरुवातही पत्रानेच झाली. जुलै २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका करून घेतली. एप्रिल २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सुस्थितीतले रस्ते आणि पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत हाताळावा, असेही त्यात आहे. ‘निदर्शनास आला’ म्हणजे केव्हा, याचे उत्तर आवक शिक्क्यावरच्या तारखेत असते.

चार-पाच दिवसांत काही झाले नाही तर स्मरणपत्र द्यायचे. ते नवे लिहू नये. जुन्या पत्राचा आवक क्रमांक संदर्भात घालून, खड्डा पुन्हा मोजून, बदललेला आकडा तेवढा द्यावा. पावसाळ्यात कडा रोज ढासळतात. १४० चे १७० झाले, तर उशिराचा परिणाम त्या दोन आकड्यांतच दिसतो.

‘जागेवर खड्डा आढळला नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली तर बहुतेक वेळा ठिकाण चुकलेले असते. अशा वेळी रागाने नवी तक्रार करण्याऐवजी सहायक अभियंत्याला जागेवर भेटण्याची वेळ मागावी आणि खांबाचा क्रमांक दाखवावा. तक्रार बंद करताना पालिकेने लावलेला फोटो पाहायला मिळाला तर त्यात तोच खांब, तेच फाटक दिसते का ते पाहावे.

खड्डा भरल्यावरही एकदा जाऊन पाहण्यासारखे असते. कडा चौकोनी कापलेल्या नसतील आणि मिश्रण बशीसारखे वर पसरले असेल, तर ते कडांपासून सुटू लागते. दोन दिवसांत सुटी खडी रस्त्यावर विखुरली, तर दाबणे कमी पडले किंवा पाण्यातच भरले, असे समजावे. शिक्षिकेच्या खड्ड्यावर तीच पडद्याची दांडी पुन्हा आडवी ठेवली आणि आठवड्याने तिच्याखाली दोन सेंटिमीटरची फट दिसली, तर भराव बसला आहे. तो आकडा, तारीख आणि जुना आवक क्रमांक लिहून दोन ओळींचे पत्र त्याच टेबलावर द्यायचे.